घरचा सल्लागार

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात तत्त्वासाठी उभं राहण्याचा एक क्षण येतो. माझ्या आयुष्यात तो आला तेव्हा मी आधीच उभा होतो, कारण सोफ्यावर वास्तुतज्ज्ञ बसले होते.

सोफा गंगाखेडजवळच्या एका डाळ गिरणीच्या कचेरीतला. मी त्या गिरणीचा सल्लागार होतो. विद्यापीठातून अन्नतंत्राची पदवी घेऊन मी परभणीत हा उद्योग सुरू केला, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की मी लोकांना काय खावं ते सांगणार. प्रत्यक्षात मी डाळ गिरण्या, तेलघाणे, मसाल्याचे छोटे कारखाने यांना स्वच्छता, तपासणी, नोंदी आणि अन्न परवाना यांविषयी सल्ला देतो. दर महिन्याला ठरलेलं मानधन आणि त्याबदल्यात ठरलेलं काम, असा हा करार असतो. आमच्या धंद्यात त्याला रिटेनर म्हणतात. गिरणीशी माझा असा करार होता, एका पानाचा. महिन्यातून दोन भेटी. डाळीतला ओलावा मोजल्याच्या नोंदी बघायच्या, तुरीतले खिळे-तारा पकडणारी चुंबकं वेळच्या वेळी पुसली जातात का ते बघायचं, कीड आणि उंदीर यांचा बंदोबस्त तपासायचा, कामगारांना शिकवायचं, आणि वर्षातून एकदा परवान्याचं विवरण भरून द्यायचं. थांबायचं असेल तर दोघांपैकी कुणीही महिन्याभराची लेखी सूचना द्यायची. एवढंच.

मी पहिल्याच पावसाळ्यात एक चूक केली. दुपारी काम आटोपून निघालो होतो, तर मालक म्हणाले, "सर, भाकरी खाऊन जावा." मी गेलो. घर गिरणीच्या मागेच. मालकीणबाईंनी तुरीच्या डाळीचं वरण, ठेचा, ज्वारीची भाकरी असं वाढलं आणि मी तिसरी भाकरी घेतली. बाहेरून आलेला माणूस दुसऱ्या भाकरीला हात आडवा करतो. तिसरी घेणारा घरचा असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी आई जालन्याची. आमच्याकडे लोकांना बळेच चौथी वाढतात आणि त्याचा काही अर्थ नसतो.

त्यानंतर मी "सर"चा "भाऊ" झालो. आधी वीज मंडळाचं एक पत्र वाचून दाखवायला सांगितलं, कारण "तुमी वाचलं की समजतंय". मग नातवाचा विज्ञानाचा प्रकल्प आला. बटाट्यावर दिवा पेटवायचा होता. मग गिरणीच्या छपरावर सौर पाट्या बसवायच्या की नाही, मालकांच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी परभणीत कुठला डॉक्टर बरा, समाजाच्या मेळाव्यात मालकांनी काय बोलावं. भाषण मी लिहिलं. भाषण चांगलं झालं, म्हणून पुढची दोनही मीच लिहिली. फोनवर त्यांचे आवाजी निरोप यायचे, पहाटे पूजा आटोपल्या आटोपल्या. सुरुवातीला "शरणार्थ भाऊ" असा नमस्कार, आणि मग काम. एका निरोपात त्यांनी मला ट्रॅक्टरच्या टायरचा फोटो पाठवून विचारलं होतं की हे बदलावं का. मी म्हणालो, बघतो. दर वेळी मी "बघतो" म्हणालो. या शब्दाचा अर्थ परभणीत "नाही" असा होतो, पण तो कुणी मोठ्या पगारावरच्या माणसाने उच्चारला तरच.

याच गिरणीत आणखी एक सल्लागार होते, ते वास्तुतज्ज्ञ. सोलापूरहून यायचे, वर्षातून चार-पाचदा, पांढऱ्या गाडीतून. लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेलं पितळी होकायंत्र असायचं. पेटी उघडायला ते जितका वेळ घेत, तितक्यात मी दोन पोती तुरीचा ओलावा मोजून मोकळा व्हायचो. कुठेही गेले तरी ते फक्त कोमट पाणी प्यायचे. घरी जेवायला या म्हटलं की हात जोडून म्हणायचे, "कामाच्या जागी मी अन्न घेत नाही."

मला त्यांचं शास्त्र पटत नाही, पण मला त्यांचा जो मत्सर वाटायचा तो शास्त्राचा नव्हता. एकदा माझ्यासमोर मालकांनी त्यांना विचारलं, "नातवाला कुठल्या कॉलेजात घालावं?" ते शांतपणे म्हणाले, "तो माझा विषय नाही." पुढे काही नाही. मला वाटलं, आता मालकांना राग येणार. ते गेल्यावर मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "इसको कहते तज्ज्ञ. दुसऱ्याच्या विषयात बोटच घालत न्हाई." आणि लगेच, त्याच श्वासात, "भाऊ, तुमीच बगा की मग कॉलेजाचं."

त्या रात्री घरी मी आरशासमोर "तो माझा विषय नाही" असं म्हणून पाहिलं. बायको म्हणाली, "काय झालं? दात दुखायलाय का?"

नवं रंग-निवड यंत्र आलं त्या दिवशी माझी स्थिती मला नीटच समजली. हे यंत्र काळे दाणे हवेच्या फटक्याने बाजूला काढतं. ते कुठलं घ्यावं, हे मी सहा गिरण्या फिरून सुचवलं होतं. तेही करारात नव्हतंच. यंत्राची पूजा झाली आणि मानपान सुरू झाला. वास्तुतज्ज्ञांना आधी बोलावलं. त्यांना शाल, श्रीफळ आणि फेटा. यंत्राचं तोंड पूर्वेला करा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मग घरच्या लोकांचा आहेर. त्या रांगेत मालकांचे दोन जावई, एक मेहुणा, मालकीणबाईंचा चुलतभाऊ आणि मी. आम्हाला टॉवेल-टोपी. माझ्या शेजारचा मेहुणा म्हणाला, "बसा की भाऊ, कामून अवघडायलाव? टोपी बरोबर बसायली."

टॉवेल-टोपी मिळणं ही आमच्याकडे हलकी गोष्ट नाही. ज्याला ती मिळते तो रक्ताच्या जवळचा. पण मी तिथे बसून शालीकडे बघत होतो. शाल खरं तर पिवळट होती आणि तिची किनार उसवलेली होती. तरी ती मला हवी होती, आणि हवी असल्याचा राग येत होता, आणि त्या रागातच मी टॉवेलची घडी घातली. मालकांची मुलगी पाहत होती. ती बी.कॉम. होऊन गिरणीची बिलं आणि जमाखर्च सांभाळायची. सगळे तिला ताई म्हणत. मला म्हणाली, "भाऊ, तुमी शालीला नजर लावायलाव."

"मी किनार बघतोय," मी म्हणालो.

"बघा. आमी दुकानातनं उसवलेलीच आणलीय. स्वस्तात पडली."

त्यानंतरच्या भेटीत मी कचेरीत शिरलो आणि तो क्षण आला, ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला जरा भारदस्तपणे केला आहे. वास्तुतज्ज्ञ सोफ्यावर बसले होते. समोर गिरणीचा नकाशा होता. त्यांनी ठरवलं होतं की ओलावा मोजायचं टेबल ईशान्येतून हलवून आग्नेयेला न्यायचं. ओलावामापक विजेवर चालतो. वीज म्हणजे अग्नी. अग्नीची जागा आग्नेय. आग्नेयेच्या कोपऱ्यात डाळ वाळवायची भट्टी आहे आणि शेजारीच टरफलं उडतात. ओलावामापक उष्णतेत ठेवला की आकडा चुकतो. आकडा चुकला तर ओली डाळ कोरडी समजून पोत्यात भरली जाते, पोत्यात तिला बुरशी येते, आणि तपासणीच्या कागदावर सही माझी असते. हे मी सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

वास्तुतज्ज्ञ माझं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ओलावा माझा विषय नाही. मी फक्त दिशा सांगितली."

मालक मला म्हणाले, "भाऊ, ऐका. ते एकाच विषयाचे हायत. तुमी धा विषयाचे. मग त्यांचं ऐकावंच लागंल की." आणि उठून टेबलाचं एक टोक धरलं. "जरा तिकडून उचला."

मी उचललं. टेबल जड नव्हतं. पण भट्टीपर्यंत जाताना मला कळलं की मी ज्याला माणुसकी समजत होतो, त्याने माझी किंमत कमी केली होती. दहा विषयांत मदत करणाऱ्याला अकराव्यातही कुणी तज्ज्ञ मानत नाही, त्याच्या स्वतःच्या विषयात तर नाहीच. इथे शहाणपण आलं असं मी म्हणणार नाही. इथे मत्सर आला. त्या पांढऱ्या गाडीत मागे बसून, कोमट पाणी पीत, मला सोलापूरला जायचं होतं.

मी ओलावामापक परत उचलून ताईच्या टेबलाशेजारी ठेवला आणि तिला सांगितलं की टेबल आग्नेयेला राहू द्या, यंत्र इथे राहील. ताई म्हणाली, "बाबांला सांगू नका. रिकाम्या टेबलावर मी कुंडी ठेवते." निदान डाळीचं काम तरी बरोबर चाललं.

पुढचा आठवडा बोरीच्या बाईंचा होता. बोरीत एक बाई करडईचा लाकडी घाणा चालवतात. त्यांच्याशी माझा छोटा करार होता. त्यांनी मला कधी भाषण लिहायला लावलं नाही, कधी जेवायला थांबवलं नाही. एकदा गूळ दिला होता, तोही पुडीत. त्यांच्या परवान्यासाठी अन्न खात्याचे अधिकारी जागा बघायला येणार होते. पाण्याच्या तपासणीचा अहवाल, कामगारांच्या आरोग्य तपासणीचे दाखले, तेल साठवायच्या टाक्या, सगळं तयार होतं, पण बाई अधिकाऱ्यांना घाबरायच्या. मी त्या दिवशी हजर राहीन, हा माझा शब्द होता. दिवाळीआधी परवाना मिळाला नाही तर त्यांचा मोसम हातचा जाणार होता.

त्याच दिवशी सकाळी मालकांची गाडी माझ्या दारात उभी राहिली. आत मालक आणि मेहुणा. पेढ्याचा पुडा.

"चला भाऊ, झरीला जायचंय," मालक म्हणाले.

"कशाला?"

"ताईसाठी पोरगं हाय. फूड टेकच झालंय म्हणायलेत. आता खरं का खोटं, आमाला काय कळतंय? तुमी दोन सवाल इचारा. तुमी ऑडिट करता ना? मग पोराचं करा."

मेहुणा पुढच्या सीटवरून म्हणाला, "ओलावा बी मोजा त्याचा."

मी म्हणालो, "मालक, आज बोरीला अन्न खात्याची तपासणी आहे. मला जायचंच आहे."

"बोरीवालीला उद्या सांगा की. लग्नाचा मामला हाय."

"अधिकारी उद्या येत नाहीत."

"मग फोन लावा. तुमी फोनवर लय चांगलं बोलता."

मग मी ते वाक्य म्हणालो. आरशासमोर म्हटलं होतं तितकं शांत नाही, जरा घाईत. "मालक, तो माझा विषय नाही."

मालक हसले. मनापासून हसले. "तुमचा कसा न्हाई? तुमी घरचे हाव."

माझ्या तोंडी त्या वाक्याला काही वजन नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. तिसऱ्या भाकरीनंतर ते म्हणताच येत नाही. मी मोटारसायकल काढली आणि बोरीला गेलो. तपासणी नीट झाली. बाईंनी अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना स्वतःच उत्तरं दिली, आणि मला जाताना म्हणाल्या, "तुमी नुसतं उभं होता, तरी बरं वाटलं." नुसतं उभं राहणं करारात होतं. मला बरंही वाटलं आणि थोडं रडूही आलं, पण ते धुळीने असेल.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. सरळ, कामाच्या भाषेत. की ठरलेल्या कामाची व्याप्ती आणि आता अपेक्षित असलेलं काम यांत फार अंतर पडलं आहे. ठरलेलं काम नीट करायला वेळ उरत नाही. म्हणून करारातल्या अटीप्रमाणे महिन्याभराची सूचना देऊन मी थांबतो आहे. या महिन्यात दोन्ही भेटी देईन, सगळ्या नोंदी, तपासणीचे अहवाल आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहून सोपवीन, परवान्याच्या संकेतस्थळावरच्या खात्याचा पासवर्ड देईन, आणि नवा माणूस आला तर त्याला काम समजावून सांगीन. बटाट्याचा, मोतीबिंदूचा, टायरचा उल्लेख केला नाही. मत्सराचाही नाही. पत्र सज्जनपणाचं झालं.

गिरणीत जाऊन ताईच्या हातात दिलं. तिने वाचलं, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मारला आणि म्हणाली, "झरीला गेला न्हाईत ते बरं केलं. त्या पोराला डाळ आवडत न्हाई म्हणून मीच नकार दिला." मग थोडं थांबून, "बाबांला हे कळायचं न्हाई, भाऊ. त्यांला वाटंल तुमी रुसलाव."

तसंच झालं. सूचना दिली गेली, करार संपतोय, असं काही मालकांनी मानलंच नाही. घरातला माणूस रुसला होता आणि रुसवा काढायचा होता. पहिल्यांदा मेहुणा आला, खव्याचा बॉक्स घेऊन. बसून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, भाऊंला कशाचं लागलं सांगा ना. आहेराचं लागलं का? पँटपीस घ्यायचं ठरलं होतं, राहून गेलं."

बायको म्हणाली, "यांना शाल हवी होती."

मी तिच्याकडे बघितलं. तिने चहा ओतला.

मग स्वतः मालक आले. मानधन वाढवतो म्हणाले. मी म्हणालो, रकमेचा प्रश्न नाही. दोन भेटी आणि ठरलेलं काम, किंवा जादा कामाचा वेगळा करार, असं असेल तरच. त्यांना वेगळा करार हा शब्द फार लागला. "घरच्या माणसात लिखापढी?" म्हणाले. "आमी तुमाला परकं कधी समजलं?"

"समजला असतात तर मी काम सोडलं नसतं," मी म्हणालो.

त्यांनी चहा संपवला. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "मी सोलापूरवाल्यांला बी म्हणलं होतं, तुमी भाऊंची समजूत घाला. ते म्हणले, तो माझा विषय न्हाई." आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच कौतुक आलं. आपल्याला नाही म्हणणाऱ्या माणसाविषयीचं. मी समोर बसून त्यांना नाही म्हणत होतो आणि ते तिकडे सोलापूरवाल्यांच्या नाहीचं कौतुक करत होते. इतकी जळजळ मला त्या टॉवेलानेही झाली नव्हती.

पण सूचना मी मागे घेतली नाही. महिनाभर गेलो. दोन्ही भेटी दिल्या, फाइली क्रमाने लावल्या, पर्यवेक्षकाकडून चुंबकं पुसण्याची नोंद माझ्यासमोर भरून घेतली. घरी जेवायला बोलावलं तेव्हा कोमट पाणी मागितलं. मालकीणबाईंनी ते दिलं आणि पुढे दोन दिवस माझ्या पोटाची चौकशी होत होती.

माझ्या जागी नवा मुलगा आला. तोही आमच्याच विद्यापीठाचा, माझ्यापेक्षा बराच तरुण, इस्त्रीचा शर्ट. काम समजावून देताना मी त्याला बजावलं: पहिल्या दिवशीच व्याप्ती लिहून घे, तिसरी भाकरी घेऊ नकोस. त्याने डायरीत लिहून घेतलं. मालक त्याला "सर" म्हणत होते. पूर्ण "सर", आदराने, सोलापूरवाल्यांना म्हणायचे तसं. मी दारातून बघितलं. ओलावामापक त्याने ताईच्या टेबलाशेजारीच राहू दिला, आणि नोंदी तपासायला तिथेच बसायचा, करारात होतं त्यापेक्षा बराच वेळ. मला त्याचाही मत्सर वाटला. मी सोडलेल्या कामात तो इतका आनंदात का, याचं समाधानकारक स्पष्टीकरण मला सापडेना.

स्पष्टीकरण उन्हाळ्यात छापील पत्रिकेतून आलं. मुलीची बाजू डाळ गिरणीची, मुलगा अन्नतंत्राचा पदवीधर. झरीचा नव्हता. लग्नाला मी गेलो. मालकांनी मला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं आणि सगळ्यांना ओळख करून दिली, "हे पहिले सल्लागार. लय शिस्तीचा माणूस."

नव्या मुलाचा करार त्याच महिन्यात बंद झाला. जावयाशी करार करत नाहीत.